अर्ध्यावर थांबलेला सौदा

मोनाली मेश्रामचा प्रोग्रॅम सकाळी बाजार उघडल्यावर आपोआप शेअर घ्यायचा आणि विकायचा. इंदोऱ्यातल्या घराच्या वरच्या खोलीत तो वर्षभर चालत होता. भांडवल निम्मं तिचं, निम्मं थोरल्या भावाचं, धम्मानंदचं. हिंगण्याच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर धम्मानंदनं मिळालेल्या पैशातला मोठा वाटा यात घातला होता.

नियम दोघांनी बसून ठरवले होते. एका वेळी एकच सौदा. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त धोका घ्यायचा नाही. शेअर किती घ्यायचे ते त्यावरूनच निघायचं: स्टॉपलॉस, म्हणजे तोटा तोडायची किंमत, खरेदीच्या पाच रुपये खाली असेल, तर त्या एक टक्का रकमेला पाचनं भागायचं. ती स्टॉपलॉसची ऑर्डर प्रोग्रॅम लगेच ब्रोकरकडे लावून ठेवायचा. आणि दिवसाचा तोटा तीन टक्क्यांवर गेला की हातात असेल ते विकून दिवसापुरता बंद व्हायचा. असं आधी काही वेळा झालं होतं. तीन स्टॉपलॉस लागत, प्रोग्रॅम थांबे, दोघं जेवायला खाली जात.

त्या मंगळवारी पहिला सौदा तोट्यात गेला. दुसरा चालू असतानाच पडद्यावर लाल पट्टी आली: दिवसाची मर्यादा पूर्ण, सौदा विकला, प्रोग्रॅम बंद.

मोनालीला ते खटकलं. दोन सौद्यांत तीन टक्के जातील कसे? तिनं शेअरची संख्या पाहिली. नेहमीच्या दुप्पट होती.

"दादा, तू धोक्याचा आकडा बदलवला का गा?"

धम्मानंद खिडकीपाशी मोबाइल बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "काल केला. दोन टक्के. एका टक्क्यानं काय होऊन राहिलं वं? वर्ष झालं."

"मले सांगायचं तरी."

"तू नाही म्हटलं असतं."

तिनं आकडे मांडून पाहिले. पहिल्या सौद्यात दोन टक्के गेले होते, दुसऱ्यात अर्ध्या वाटेवर एक. हिशेब जुळत होता. तरी खात्री करायला तिनं ब्रोकरचं खातं उघडलं आणि थबकली. खात्यात सौदा चालू होता. त्यांनी न घेतलेला.

समजायला तिला थोडा वेळ लागला. बंद होताना प्रोग्रॅमनं शेअर विकले होते, पण त्यांच्यासाठी लावलेली स्टॉपलॉसची ऑर्डर रद्द केली नव्हती. भाव आणखी घसरल्यावर ती ऑर्डर लागली आणि हातात नसलेले तेवढेच शेअर पुन्हा विकले गेले. आता ते बाजारातून परत विकत घेऊन भरून द्यावे लागणार होते. एक टक्क्याच्या हिशेबात थांबायची वेळ नेहमी तिसरा स्टॉपलॉस लागल्यावरच आली होती, मागे ऑर्डर उरतच नव्हती. त्यामुळे ही चूक कधी दिसली नव्हती. चूक तिची होती.

धम्मानंद उठून तिच्या मागे आला. "म्हणजे आता भाव पडला तर आपल्याले फायदा?"

"हो. चढला तर तोटा. अन् याले स्टॉपलॉस नाही. प्रोग्रॅम बंद आहे."

"पण पडूनच राहिला ना? अर्धा तोटा तर भरून निघाला." त्याचा आवाज बदलला होता. "राहू दे थोडा वेळ. स्टॉपलॉस तू हातानं लाव."

सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. मोनालीचा हात माउसवर थांबला.

"हा सौदा आपण घेतला नाही, दादा. चुकीनं झाला. मर्यादा लागल्यावर सौदे करायचे नाहीत, हे तूच लिहायला लावलं होतं."

"फायदा होऊन राहिला तरी?"

"तरी."

तिनं शेअर परत विकत घेऊन सौदा मिटवला. एकही ऑर्डर बाकी नाही, हे दोनदा पाहिलं. दिवसाचा तोटा दीड टक्क्याच्या आसपास उरला. बाजार बंद होईपर्यंत तो शेअर पडतच गेला. मिटवला नसता तर दिवस नफ्यात गेला असता. धम्मानंद ते आपल्या मोबाइलवर बघत होता.

पुढचा आठवडा तिनं खरे सौदे केले नाहीत. प्रोग्रॅम आता आधी बाकी ऑर्डर रद्द करायचा, रद्द झाल्याचा निरोप आल्यावर शेअर विकायचा आणि खातं रिकामं आहे का ते तपासायचा. अर्ध्या सौद्यात मर्यादा लागते, अशी स्थिती तिनं मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहिली.

रविवारी धम्मानंद म्हणाला, "माझ्या वाट्यातले अर्धे काढून घेतो. कळमन्याच्या बाजारात ओळखीच्या एकाकडे फळांच्या धंद्यात बसतो."

"रागावला का?"

"नाही वं. मले इथं बसून बघणं जमत नाही. बघितलं की हात शिवशिवतात. उरलेले राहू दे, तुझ्या नियमानं."

मोनालीला बरं वाटलं की वाईट, तिला सांगता आलं नसतं. तिनं धोका परत एक टक्क्यावर आणला आणि भांडवलाचा नवा, कमी झालेला आकडा भरला. सोमवारी प्रोग्रॅमनं पहिला सौदा घेतला. एक टक्का तोच होता. शेअर कमी घेतले गेले.