तोंडं राहिली

नाकेदारांची उभी हयात नाक्यावर ट्रकांच्या ताडपत्र्या उचलून पाहण्यात गेली. निवृत्तीनंतर ट्रक सुटले, उचलण्याची खोड तेवढी राहिली. जेवायला बसले की प्रत्येक पातेल्याचं झाकण उचलून ते आत डोकावत. काकू म्हणत, “जप्त करायचं असेल तर पावती द्या.”

अशा माणसाच्या सख्ख्या पुतणीनं चित्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं, आणि तेही इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून. एका गावातल्या लोकांच्या सावल्या एके सकाळी पळून जातात, अशी गोष्ट होती. नाकेदारांना पैसे पळून जाण्याची गोष्ट जास्त खरी वाटली.

“उद्दिष्टाच्या रकमेत काय काय धरलंस?” त्यांनी विचारलं.

“छपाई, बांधणी, टपाल, वेबसाइटचं कमिशन, कर. टपालात फाटतील-हरवतील त्या प्रतींसाठी थोडं जास्तीचं. आणि माझी चित्रांची मजुरी.”

स्वतःची मजुरी उघडपणे सांगणारा माणूस नाकेदारांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांचा संशय वाढला. “आणि उद्दिष्टाइतके जमले नाहीत तर?”

“तर ज्याचे त्याला परत. मला दमडी मिळत नाही.”

“आणि जमले तर?”

“मग खरी फजिती, काका. मग कबूल केलेलं सगळं द्यावं लागतं.”

कबूल केलेलं पायरीपायरीनं मांडलं होतं. सगळ्यांत खालच्या पायरीवर पुस्तकाची संगणकावर वाचायची प्रत, त्यावर छापील पुस्तक, त्यावर सहीचं पुस्तक, आणि सगळ्यांत वर, फक्त दहा जणांसाठी, ‘तुमचं तोंड पुस्तकात’. पैसे देणाऱ्याचा फोटो पाहून गावातल्या एका माणसाला त्याचा चेहरा द्यायचा.

शेवटच्या आठवड्यात आकडा उद्दिष्टाच्या अलीकडे येऊन गाढवासारखा अडून बसला. पुतणीचं तोंड एवढंसं झालेलं नाकेदारांना बघवेना. बागेतल्या बाकावर रोज सकाळी जमणाऱ्या मंडळींना ते म्हणाले, “पुतणी माझी आहे. मी जामीन.” नाकेदार कुणाला जामीन राहतात ही बातमी एवढी मोठी होती, की दातांचे डॉक्टर आणि शिंपी यांच्यासकट सात जणांनी त्याच दिवशी गमतीची टोपणनावं लावून सर्वांत वरची पायरी घेतली. नाकेदारांनीही घेतली, तीही स्वतःच्या नावानं नव्हे. घरचं माणूस म्हटलं की कोण काय लपवील सांगता येत नाही, म्हणून ते ‘एक हितचिंतक’ झाले.

उद्दिष्ट गाठलं गेलं. त्याच सकाळी बाकावर नाकेदारांनी सगळ्यांना ताकीद दिली. “आता नीट ऐका. पैसे गेले की मागून चोर येतात. मेल येईल, लिंक येईल, फोटो मागतील. उघडायचं नाही. सरळ उडवायचं.” बाकावर बहुतेक निवृत्त माणसं होती. शिस्तीची होती. उडवत राहिली.

पुस्तक यायचा महिना आला आणि गेला. बाकावरची जीभ सैल झाली.

“नाकेदार, आमचं तोंड कधी येतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“येईल.”

“कवळीसुद्धा पंधरा दिवसांत देतो हो मी. जामीन काय म्हणतात?”

जामिनांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले. दुसऱ्या दिवशी ते बागेला बाहेरूनच वळसा घालून गेले. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “स्वतःच्याच बाकाला चुकवताय? पोरीकडे जाऊन सरळ विचारा की.”

सरळ विचारणं नाकेदारांच्या खात्यात बसत नव्हतं. ते न कळवता गेले. दार पुतणीच्या आईनं उघडलं. “या भाऊजी. ती फोनवर आहे.” आतून पुतणीचा आवाज येत होता.

“नाही हो, तोंडंच नाहीत तर छापू काय? ... खोटी तोंडं घालू? लोकांनी पैसे दिलेत.”

नाकेदारांचा संशय पक्का झाला. वहिनी पाणी आणायला वळल्या तसे ते पुतणीच्या कामाच्या खोलीत शिरले. टेबलावर मोठ्या कागदावर पांढरं फडकं होतं. त्यांनी ते सवयीनं कोपऱ्याला धरून उचललं. खाली भरला बाजार होता. टोपल्या होत्या, छत्र्या होत्या, कुत्रं होतं, कुत्र्याला नीट तोंडही होतं. पण आठ माणसांच्या मानेवर नुसते कोरे अंडाकार.

“काका, ताडपत्री खाली ठेवा,” पुतणी दारातून म्हणाली.

“तोंडं कुठायत?”

“तेच मी जगाला विचारतेय. दहापैकी दोघांनी फोटो पाठवले. बाकीच्या आठ जणांना चार-चार मेल केल्या. वेबसाइटवर निवेदनं टाकली, ती पैसे देणाऱ्यांनाच दिसतात, पण आधी उघडायला तर हवीत. खरी नावं नाहीत, फोन नाहीत. हे बघा ना. ‘दंतकथा’. ‘उसवलेला शिंपी’. आणि हा ‘एक हितचिंतक’. हा मला सगळ्यांत लबाड वाटतो.”

नाकेदारांनी वहिनींच्या हातून पाण्याचा पेला घेतला आणि बराच वेळ प्याले. पेला केव्हाच रिकामा झाला होता हे वहिनींनी पाहिलं.

“पैसे परत करून टाक आठांचे.”

“ते करता येईल. पण तोंड पुस्तकात घालीन असा शब्द मी दिलाय. आणि या आठांपायी बाकीचे शेकडो लोक ताटकळलेत. त्यांना तरी काय सांगू? छापखान्यानं शुक्रवारपर्यंत यंत्र राखून ठेवलंय. नंतर शाळेची पुस्तकं चढली की तीन महिने आपल्याला कुणी विचारणार नाही. माझ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवील, काका?”

नाकेदारांनी फडकं पुन्हा नीट पसरलं, चारही कोपरे सारखे केले. मग म्हणाले, “हितचिंतक मी आहे. आणि बाकीचे सात माझ्या हुकमात आहेत.”

बाकावर दिलेल्या ताकिदीची हकिगत ऐकून झाल्यावर पुतणी हसली नाही. वहिनी आत जाऊन हसल्या.

त्याच संध्याकाळी नाकेदारांनी सातही जणांना निरोप पाठवला: ‘खालील लिंक उघडून त्वरित फोटो द्यावा.’ सकाळी बाकावर डॉक्टर वाटच पाहत होते.

“नाकेदार, सावध राहा. चोरांनी तुमचा फोन फोडलाय. तुमच्याच नावानं फोटो मागत होते. आम्ही सगळ्यांनी उडवलं.”

“आणि तुमचा नंबरही बंद करून ठेवलाय,” शिंपी अभिमानानं म्हणाला.

शेवटी बुधवारी नाकेदार पुतणीला घेऊन स्वतः बाकापाशी गेले. डॉक्टरांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. “ही तुमचीच पुतणी, याला पुरावा काय?”

“नाक बघा की,” शिंपी म्हणाला.

नाक पाहिलं गेलं. पुरावा मान्य झाला. पुतणीनं एकेकाला उजेडात बसवून फोटो काढले. डॉक्टर तेवढे तोंड उघडून बसले.

त्या रात्री तिनं सगळ्यांसाठी निवेदन टाकलं: पुस्तक उशिरा येतंय, कारण आमच्या घरात सावधगिरी फार आहे, शुक्रवारी छपाई सुरू होतेय, ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी कळवावं, पैसे परत मिळतील. तिघांनी परत मागितले, तिनं ते दुसऱ्या दिवशी दिले. बाकीचे थांबले.

पुस्तकं आली तेव्हा बाकावर कुणी दुसरं काही बोलेना. डॉक्टर दूधवाला झाले होते, शिंपी घोड्यावर होता. नाकेदारांनी बाजाराचं पान दोनदा तपासलं. सात तोंडं सापडली, आठवं नाही. आठवा अंडाकारच गायब होता.

“आपल्याच माणसानं फसवलं,” ते घरी येऊन पुटपुटले.

काकूंनी पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं पान उघडून बोट ठेवलं. एका घराच्या अर्धवट दाराआडून नाकेदार डोकावत होते. दुसऱ्या पानावर ते विहिरीच्या कठड्यामागे होते, तिसऱ्यावर गाडीवरच्या ताडपत्रीखाली. बाजार सोडला तर एकही पान सुटलं नव्हतं. साऱ्या गावाच्या सावल्या पळाल्या होत्या. यांची तेवढी जागेवर होती.

नाकेदारांनी शेवटपर्यंत पानं उलटली.

“एकाच तोंडाचे पैसे दिले होते मी,” ते संशयानं म्हणाले. “बाकीची कशासाठी घातली असतील?”