फक्त पाच मोजा

गणिताच्या मॅडम सकाळपासून धुसफुसत होत्या. स्पर्धा परीक्षेची उत्तरतालिका लागली होती आणि त्यात सत्तेचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मते साफ चुकीचं होतं. हरकत नोंदवायची मुदत आज पाचपर्यंत. त्यांच्या शिकवणीतली शिंपीणताई एका गुणानं हुकली होती, आणि वयोमर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी होती.

"काय अक्कल गहाण टाकून बसतात ही माणसं!" मॅडम कॉम्प्युटरवर अर्ज उघडत म्हणाल्या. "पाच, दहा, पंधरा असं शंभरापर्यंत गुणायचं, शेवटी शून्यं किती? चोवीस! आणि हे अठरा छापतात."

"बाकीचं तुम्ही सांगितलं तसंच आलं, मॅडम," समोर बसलेली ताई म्हणाली. "दोनाच्या पन्नासाव्या घाताचे अंक विचारले होते. पन्नास गुणिले दोनाचा लॉग ०.३०१०, म्हणजे १५.०५. पूर्णांकात एक मिळवला, सोळा. ते बरोबर धरलंय."

"धरतील नाहीतर काय!"

अर्जासोबत रीत लिहून जोडायची होती. मॅडमनी तावातावानं पेन उचललं. वीस संख्या, प्रत्येकीत एक पाच. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर यांत आणखी एकेक. चोवीस. आता त्या पाचांच्या जोडीला दोनही पुरेसे आहेत, एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं. एरवी त्या ते बोलतही नसत. एक ते शंभरच्या गुणाकारात दोन ढिगानं असतात, म्हणून वर्षानुवर्षं त्या सांगत आल्या होत्या: दोनांकडे बघू नका, फक्त पाच मोजा.

पण इथे प्रत्येक संख्येतून एक पाच बाहेर काढला की उरतो एक ते वीसचा गुणाकार. त्यातले दोन: दोनाच्या पटीतले दहा, चाराच्या पटीतले पाच, आठाच्या पटीतले दोन, सोळाचा एक. अठरा.

मॅडमनी पुन्हा मोजलं. मग चिडून तिसऱ्यांदा. अठराच. प्रत्येक शून्याला एक पाच आणि एक दोन लागतो. सहा पाच जोडीदाराविना तसेच पडून होते. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"तुमची प्रश्नपत्रिका बघू," त्या कशाबशा म्हणाल्या.

ताईनं घडी उलगडली. सत्तेचाळिसाव्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात दोन मोजलेले होते. खाली अठरा, भोवती गोल. मग त्यावर दोनदा काट मारून चोवीस.

घड्याळात साडेचार झाले होते. मॅडमनी अर्ज बंद केला.

"ताई, तालिका बरोबर आहे. मी चुकीचं शिकवलं तुम्हाला."

ताईनं त्या काटेवर बोट ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, हेच मॅडमना सोसवेना.

"मला आधी अठराच आलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, मॅडमपेक्षा मला जास्त कळतं का?"