लाल पेशीचा प्रश्न

पाठांतरात जननीचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. पेशीचं अख्खं प्रकरण ती स्वल्पविरामांसकट म्हणून दाखवायची. पण शेषगिरी सरांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. स्लाइडवर जे लिहिलंय तेच विचारणं म्हणजे आठवणीचा प्रश्न, तो त्यांच्या लेखी फुकट. दोन गोष्टी जोडून, तुलना करून उत्तर काढावं लागलं, तर तो विश्लेषणाचा. असा निदान एक प्रश्न सुटल्याशिवाय सेमिनारमध्ये पास नाही, आणि आधीच्या चाचणीत नापास झालेल्या जननीला त्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं.

सेमिनारमध्ये मुलांनीच एकमेकांना प्रश्न विचारायचे असत. जननीला विचारायची पाळी स्वरदाची आली, तेव्हा जननीचा जीव भांड्यात पडला. स्वरदा पुण्याची, वडिलांच्या नोकरीमुळे इकडे तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरला आलेली. जननीच्या घरी मराठीच, पण अख्ख्या वर्गात तिच्याशी मराठीत बोलणारी स्वरदाच एकटी.

"‘ऊर्जा कुठे तयार होते’ असं विचारलं तर सर मलाच हाकलतील," कँटीनमध्ये स्वरदा म्हणाली. "त्यापेक्षा हे बघ. मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारं विष लाल रक्तपेशीला दिलं, तर तिच्या ऊर्जेचं काय होईल?"

"अय्यो! हे पुस्तकात कुठं आहे?"

"नाहीये, म्हणून तर विचारतेय. लिहून घे. फारसं काही होणार नाही. परिपक्व लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, ती पेशीद्रवातच ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवते."

"सरी, ठीक आहे," म्हणत जननीने लिहून घेतलं आणि घरी जाताना बसमध्येच घोकून टाकलं.

सेमिनारमध्ये तिने ते उत्तर खडाखडा म्हटलं. सरांचा चेहरा खुलला. "छान! आणि हेच विष चेतापेशीला दिलं तर?"

जननीने डोळे मिटले. डोक्यात शोधून शोधून जे एकच सापडलं, ते तिने म्हटलं, "फारसं काही होणार नाही, सर. ती पेशीद्रवातच ग्लुकोज फोडून..."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी स्वरदाकडे पाहिलं.

"चेतापेशीची जवळपास सगळी भिस्त मायटोकॉन्ड्रियावर असते, सर," स्वरदा खाली मान घालून म्हणाली. "ती मरेल."

सरांनी प्रश्नाचे पूर्ण गुण स्वरदाला दिले. जननीच्या नावापुढे फुली मारली.

बसस्टॉपवर स्वरदा रडवेली झाली होती. "अगं, मी त्या प्रश्नात लाल पेशीच का घेतली, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस!"

असं काही विचारायचं असतं, हेच जननीला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता कळून उपयोग काय? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अण्णा नगरच्या घरून आईचा फोन आला. "सगळं म्हटलंस का, कण्णा, माझ्या बाळा? विसरली नाहीस ना?"

"नाही आई," जननी म्हणाली. "एक शब्दही विसरले नाही."

"मग झालं तर!" आई आनंदाने म्हणाली आणि बाबांना हाक मारून ते सांगूही लागली.