वाटेतला माल

त्या दोन खोल्यांना बुटांचा कारखाना म्हणायचं, ते केवळ ताईच्या हट्टापायी. सहा कारागीर आणि शिलाईची दोन मशिनं, त्यातलं एक कायम रुसलेलं. वडिलांच्या मागे तिनेच हा गाडा ओढला. पैसा मात्र थोरल्या दादाचा, आणि दादाने स्पष्ट बजावलं होतं, "यंदाही तोटा आला तर कुलूप लावायचं. माझ्या दारात काही पैशाचं झाड नाही."

आधीची दोन वर्षं तोट्यातच गेली होती. यंदाचा हिशेब हिशेबनीस काकांनी तिच्या पुढ्यात ठेवला, तर त्यातही तीन लाखांचा तोटा!

ताई बिलं उलटीपालटी करत बसली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला पाच लाखांच्या चामड्याचं बिल सापडलं.

"काका, हे चामडं वर्ष संपायच्या आधीच ट्रकमध्ये चढलं होतं की! शेवटच्या दिवशी आपण माल मोजला तेव्हा ते वाटेत होतं. ते हिशेबात कुणी धरलं?"

"कुणीच नाही," काका म्हणाले. "गोदामात होतं तेवढंच मोजलं."

"पण चामडेवाल्याशी बोली काय होती? ट्रकमध्ये चढलं की माल आपला. वाटेत नदीत पडला असता तरी नुकसान आपलंच!"

काकांनी चष्मा वर ढकलला. "खरं आहे तुझं. वर्षअखेरच्या मालाच्या शिलकीत धरायलाच हवा होता. राहून गेला."

पुढचं काका बोलेपर्यंत थांबेल ती ताई कसली! शिल्लक पाच लाखांनी वाढली, म्हणजे विकलेल्या मालावरचा खर्च तेवढाच कमी झाला, म्हणजे तोटा फिटून वर दोन लाख नफा. शाळेत काठावर पास होणाऱ्या ताईने हे बोटांवर करून टाकलं. आपल्याला हवं ते गणित माणसाला फार चटकन सुटतं.

तिने तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, नफा आहे!" दादाही हसला. "मग चालू दे तुझं. ताळेबंद पाठव," म्हणाला. ताई तशीच आतल्या खोलीत धावली. कारखान्याचा निकाल लागेपर्यंत ते चामडं तिनेच बांधून ठेवायला लावलं होतं; बंद करायची पाळी आलीच, तर व्यापारी निदान माल तरी परत घेईल. आता कसली भीती?

"मास्तर, गठ्ठे फोडा!" ती म्हाताऱ्या कापणीवाल्याला म्हणाली. "कापायला घ्या. आपण कुठे जात नाही!"

परत आली तेव्हा काका खरेदीची वही उघडून बसले होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"हे बिल खरेदीत कधी चढवलंस?"

"माल आला तेव्हा. माल हाती आल्याशिवाय बिल चढवायचं नाही, हा बाबांचा नियम. मी कधी मोडला नाही," ताई अभिमानाने म्हणाली.

"म्हणजे नव्या वर्षात," काका हळूच म्हणाले. "पोरी, माल गेल्या वर्षीचा, तर खरेदीही गेल्या वर्षीचीच. बिल आधीच चढलेलं असतं तर तुझं गणित बरोबर होतं. आता शिलकीत पाच वाढवायचे, तसे खरेदीतही पाच वाढवायचे. तोटा तीनचा तीनच. ताळेबंदात एका बाजूला पाच लाखांचा माल वाढेल, आणि दुसऱ्या बाजूला चामडेवाल्याचं तेवढंच देणं."

ताईने ते बिल पुन्हा हातात घेतलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "नुसतं शिलकीतच धरलं तर?"

"ताळेबंद जुळेल. खोटा जुळेल. दादाने चामडेवाल्याकडून खात्याचा उतारा मागवला की आपण दोघंही तोंडघशी पडू." वही मिटत ते म्हणाले, "आणि त्याने नाही मागवला, तरी मी सही करणार नाही."

राग यावा असं काका काहीच बोलले नव्हते, म्हणूनच तिला फार राग आला. तो गिळून तिने पुन्हा दादाला फोन लावला. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "महिनाअखेर बंद करू. दमलीस तू." लहानपणी पडल्यावर उचलून घ्यायचा, त्याच आवाजात.

फोन ठेवते तोच मास्तर दारात हजर, घामाने निथळलेले, हातात ताजा तुकडा.

"बघा ताई, कसा उतरलाय! दोन गठ्ठे कापायला घेतलेसुद्धा. पोरं म्हणाली, चहा नंतर, आधी काम."

कापलेलं चामडं कुठलाही व्यापारी परत घेत नाही. ताईने तो तुकडा हातात घेतला. कड अगदी सुबक होती, कुठे म्हणून खोट नव्हती.

"छान कापलंय, मास्तर," ती म्हणाली. "बाकीचे गठ्ठे तेवढे पुन्हा बांधून ठेवा."

मास्तरांनी का म्हणून विचारलं नाही. मान हलवून ते आत गेले, आणि थोड्याच वेळात आतले सगळे आवाज थांबले.