तिसरा कॉम्प्रेसर

साल सत्त्याण्णव. रबाळ्याला आमचा प्लास्टिकच्या बाटल्यांचा कारखाना, आणि मी तिथली मेंटेनन्स इंजिनिअर. बाटली फुगवायला दाबाची हवा लागते, ती दोन कॉम्प्रेसर पुरवतात. त्या वर्षी दाब पुरेना, बाटल्या पोचट निघायला लागल्या. आमचे जनरल मॅनेजर टिपणीससाहेब म्हणाले, तिसरा कॉम्प्रेसर घ्या. किंमत आठ लाख. कोटेशनमध्ये शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कारखाना पाहणीसाठी दोन व्यक्तींचा जर्मनी दौरा.’ बारीक अक्षरातलं वाचायची खोड मला लग्नाआधीपासूनची आहे.

दौऱ्याचं मला काही नव्हतं. जावं, फिरावं, चॉकलेटं आणावीत. पण तिसरा कॉम्प्रेसर बसणार होता बायकांच्या खोलीत. कॉम्प्रेसर हाऊसला लागून तेवढीच जागा होती. पॅकिंगच्या बायका बोनकोड्याहून यायच्या, घरची साडी बदलून कामाची नेसायच्या, दुपारी तिथंच डबा खायच्या. ती खोली मिळवायला पॅकिंगमधली शालन आणि मी तीन वर्षं साहेबांच्या दारात उभ्या होतो. त्याआधी बायका गोण्यांच्या आडोशाला साडी बदलायच्या. परत तिथं जायचं? माझं डोकंच फिरलं.

खरं दुखणं सगळ्यांना ऐकू येत होतं. रविवारी मशीन बंद असताना शेडमध्ये उभं राहिलं की जिकडेतिकडे सूं सूं. पाइपांचे जोड, रबरी नळ्या, व्हॉल्व्ह, सगळीकडून हवा जात होती. गळका हंडा भरायला साहेब दुसरा नळ घेणार होते. एका रविवारी मी फिटर हौसेरावांना घेऊन एकच कॉम्प्रेसर लावला. एकही बाटली बनत नव्हती, तरी तो शंभरातली चाळीस मिनिटं हवा भरत होता. म्हणजे एवढी हवा निव्वळ गळत होती.

मग रीतसर प्रस्ताव लिहिला. गळती शेकडा चाळीसवरून दहावर आणली तर वर्षाला दोनेक लाखांची वीज वाचेल. मेहनत, दोन फिटरचे चार रविवार. सामान, पंधरा हजारांचं. आधी फक्त पॅकिंग शेडवर प्रयोग, कारण त्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह आहे. दोन आठवडे, आधीचं आणि नंतरचं रीडिंग शेजारी शेजारी. जमलं तर बाकीच्या शेड घेऊ, नाही जमलं तर गप्प बसेन. आणि जमलं तर तिसऱ्या कॉम्प्रेसरची गरजच उरत नाही, हे वाक्य मी अधोरेखित केलं. तेवढं एक साहेबांनी वाचलं नाही.

मीटिंगमध्ये त्यांनी चष्मा पुसला, अकाउंट्सवाल्याकडे बघितलं आणि प्रयोगाला हो म्हणाले. माझ्यावर उपकार केल्यासारखं. वर प्रयोगाचं उद्घाटनही ठेवलं. फुगे लावायचे ठरले, आणि ते फुगवायला ॲडमिनवाल्यानं पॅकिंग शेडच्याच लाइनला नळी लावली, ऐन रीडिंगच्या वेळी. हौसेराव त्याच्या अंगावरच धावून गेले. रीडिंग आम्ही दुसऱ्या दिवशी, उद्घाटनाच्या नारळाच्या करवंट्या झाडून, परत घेतलं.

प्रयोग जमला. बाकीच्या शेडही जमल्या. चौथ्या रविवारी गळती नऊवर आली, दाब पुरून उरला, बाटल्या टणक झाल्या. शालननं खोलीत पेढे वाटले. मी रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये गेले तेव्हा साहेब उभे राहिले, माझा हात हातात घेतला. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

“जयमालाबाई, कमाल केलीत,” साहेब म्हणाले. “वर्षाला दोन लाख! आता तिसऱ्या कॉम्प्रेसरचा हप्ता आरामात निघेल.”

मी म्हटलं, साहेब, पण आता तो लागतोय कुठं? ते म्हणाले, स्टँडबाय असावा. जर्मनीचा व्हिसा तोवर लागला होता.

भिंत फोडली. खुंट्या तिच्यावरच होत्या, त्या गेल्या. अर्ध्या खोलीत निळाशार कॉम्प्रेसर येऊन बसला, उरलेल्या अर्ध्यात बायका. तो आजतागायत एकदाही चालू झालेला नाही, कारण गळतीच नाही ना! ती मीच बंद केली होती. मग बायकांनी त्याच्या पाइपांवर घरच्या साड्या टांगल्या, कंट्रोल पॅनलवर डबे मांडले. आठ लाखांची खुंटी.

वर्षभर दात-ओठ खाऊन मी पुन्हा प्रस्ताव लिहिला. न वापरलेला कॉम्प्रेसर विकावा, निम्मे पैसे सुटतील. मेहनत, एक क्रेन, एक दिवस. प्रयोग म्हणून आधी महिनाभर त्याची वायर काढून ठेवू, कुणाचं काही अडतं का बघू.

साहेबांनी या वेळी अख्खा प्रस्ताव वाचला. मग मान हलवून, अगदी कळवळ्यानं म्हणाले, “असं कसं करता, बाई? तो काढला तर बायकांनी साड्या कुठं टांगायच्या?”