मटणआळीच्या मागची गल्ली

कुत्रा मासेवालीच्या पोटरीला चावला आणि दुपार व्हायच्या आत अर्धी मंडई कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली.

आत बसल्या होत्या डॉक्टरीणबाई. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाची सूत्रं त्यांनी नुकतीच हाती घेतली होती. भटकी कुत्री, कत्तलखाना आणि मंडईतल्या मांसाची तपासणी, तिन्ही कामं एकाच खुर्चीकडे होती आणि त्या खुर्चीवर फार काळ कुणी टिकत नसे. या टिकणार, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

"कुत्री उचला, आत्ताच्या आत्ता," व्यापारी संघाचे अध्यक्ष टेबलावर हात आपटत म्हणाले. "गाडीत भरा आणि लांब कुठेतरी सोडून या!"

"हात लावून तर बघा!" गर्दीच्या मागून आवाज आला. त्या निवृत्त मास्तरीणबाई. मंडईतल्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या. "गाडीच्या चाकाखाली झोपेन मी."

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही थांबवलं आणि आधी मासेवालीकडे वळल्या. "जखम धुतलीत?"

"साबणानं, नळाखाली धरून. चांगला वेळ."

"उत्तम. आता सरळ दवाखान्यात. लस आजच सुरू करायची आणि पुढचं एकही इंजेक्शन चुकवायचं नाही."

"म्हणजे सुया मी टोचून घ्यायच्या आणि तो मोकळा?"

"तो आमच्या पिंजऱ्यात. दहा दिवस नजरेखाली. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात कळतंच."

मग त्या गर्दीकडे बघून म्हणाल्या, "बाकीची कुत्रीही पकडू. नसबंदी करू, रेबीजची लस देऊ, खूण म्हणून कानाचा शेंडा कापू. आणि निरोगी असतील ती पुन्हा इथेच आणून सोडू."

एकच गलका झाला. "इथेच?" अध्यक्षांचा चेहरा लाल झाला.

"इथेच. यांना हलवलंत की जागा रिकामी पडते आणि दुसरीकडची कुत्री येऊन ती भरतात. ती लस न दिलेली. खायला मिळतंय तोवर कुत्री येतच राहणार. ते कुठून मिळतंय, ते आधी बघू या."

"माझ्याकडे बघू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझ्या बिस्किटांवर एवढी धष्टपुष्ट नाही होत कुणी."

डॉक्टरीणबाई उठल्या आणि मटणआळीच्या मागच्या गल्लीत शिरल्या. गटारातून पातळ लाल पाणी वाहत होतं. पत्र्याच्या आडोशाला आतड्यांचा ढीग पडला होता आणि त्यावर सात-आठ कुत्री अगदी निवांत जेवत होती. पहिल्याच दुकानाचं मागचं दार उघडं होतं. आत नुकताच सोललेला बोकड आकड्याला टांगलेला होता. दुकानात जनावर कापायला परवानगी नव्हती. कापायचं ते कत्तलखान्यात, डॉक्टरनं तपासल्यावर. दुकानात फक्त विकायचं.

दुकान त्यांच्या सख्ख्या मामाचं होतं.

मामा फडक्याला हात पुसत बाहेर आला. मटणआळीत त्याचा शब्द चालायचा. "ये ठमे. चहा सांगू?"

"मामा, मागची खोली मी सील करतेय."

मामा हसला. मग भाचीच्या मागे उभा राहिलेला पालिकेचा निरीक्षक आणि त्याच्या हातातली सील करायची लाख बघून हसायचा थांबला. "याच आळीतून तुला खांद्यावर बसवून फिरवलंय मी."

"म्हणून तर तुझ्यापासून सुरुवात. दुसऱ्याच्या दारापासून केली असती तर आळीनं मला उभं केलं असतं का?"

"अगं, कत्तलखाना उघडतो कधी? गिऱ्हाईक सकाळी उजाडताच दारात उभं असतं आणि तुमचं कुलूप ऊन डोक्यावर आल्यावर निघतं! पोचवायला गाडी नाही, उघड्या टेम्पोतून मटण आणायचं. आम्ही काय हौस म्हणून इथे कापतो?"

यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ते सगळ्यांदेखत मान्य केलं. "चूक पालिकेची आहे आणि ती मी निस्तरणार. सोमवारपासून कत्तलखाना पहाटे उघडेल. बंद, थंड गाडी उजाडायच्या आत मटण दुकानांत पोचवेल. पण या गल्लीत आजपासून सुरी चालणार नाही."

संध्याकाळी मामीचा फोन आला. "काय केलंस गं? जेवायला बसेनात ते."

सोमवारी पहाटे कत्तलखान्याचं फाटक उघडलं, तेव्हा डॉक्टरीणबाई गमबूट घालून आत उभ्या होत्या. आयुक्तांकडून गाडी मिळवायला त्यांना चार वेळा भांडावं लागलं होतं. गाडी आली होती. जनावरं आदल्या दिवशीच आणून गोठ्यात विसावू दिली होती. पाणी दिलं होतं, चारा बंद केला होता. एकेक जनावर चालवून, डोळे, नाक, तोंड बघून त्यांनी आत सोडलं. मामाची एक शेळी मात्र बाजूला काढली.

"हिला का?"

"गाभण आहे. परत ने."

मामानं शेळी फाटकाबाहेर नेऊन बांधली. त्याचा पुढचा बोकड कापून झाला. डॉक्टरीणबाईंनी काळीज, फुप्फुसं हातात घेऊन दाबून पाहिली आणि थांबल्या. काळजावर लिंबाएवढे पांढरट फुगे होते. पाण्यानं तट्ट भरलेले.

"मामा, हे जाणार. काळीजही, फुप्फुसंही."

"हे होय? हे येतंच अधूनमधून. गिऱ्हाइकाला नाही देत आम्ही असलं. आम्ही ते..."

"कुत्र्यांना टाकता."

"वाया कशाला घालवायचं?"

"यात कृमीची पिल्लं असतात. कुत्र्यानं हे खाल्लं की त्याच्या आतड्यात त्यांचे बारके पट्टकृमी होतात. मग अंडी विष्ठेतून बाहेर. गवतावर पडली तर शेळीच्या पोटात. हाताला, भाजीला लागली तर माणसाच्या."

मामा त्या काळजाजवळ वाकला. "तुझ्या मामीच्या पोटातून जी गाठ काढली... पाण्याची म्हणाले होते डॉक्टर."

"हीच ती."

"माझ्यामुळे?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही, मामा. पण ती येते ती याच वाटेनं. आणि ती वाट आपण आज बंद केली."

त्यांनी काळीज आणि फुप्फुसं कुलपाच्या डब्यात टाकली. तो डबा सरळ भट्टीत जायचा. उरलेल्या धडावर जांभळा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "हे चांगलं आहे. बिनधास्त वीक."

त्याच आठवड्यात व्यापारी संघाची सभा भरली. अध्यक्षांचा हेका तोच, कुत्री हाकला. मामा उठला. मोठ्यानं बोलायची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक होती. त्या दिवशी तो हळू बोलला, म्हणून सभा जास्त शांत झाली. "कुत्र्यांना बाजारात आम्ही बोलावलं, पोसलं ते आम्हीच. यापुढे मटणआळीतला एकही माणूस गल्लीत जनावर कापणार नाही. जो कापेल, त्याची गाठ माझ्याशी."

"आणि कुत्री?"

"ती डॉक्टर बघतील. त्यांना त्यातलं कळतं, आपल्याला नाही."

कुत्री पकडायला मास्तरीणबाईच पुढे झाल्या. जाळं घेऊन धावणाऱ्या माणसांना हूल देणारी कुत्री त्यांच्या हाकेला शेपूट हलवत आली. गाडीच्या चाकाखाली झोपायचं सोडून त्या गाडीतच, पिंजऱ्यांशेजारी बसून गेल्या. चावलेला कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला. टाके वाळल्यावर सगळी आपापल्या कोपऱ्यात परत आली, शेंडा कापलेले कान घेऊन. आयतं जेवण संपलं होतं, त्यामुळे गल्लीतली झुंड फुटली आणि नवी कुत्री यायची थांबली. मासेवाली म्हणते की तिला चावलेला आता तिच्याकडे बघून रस्ता बदलतो. तिची शेवटची सुईही टोचून झाली.

मामा हल्ली रोज पहाटे कत्तलखान्यात सगळ्यांच्या आधी हजर असतो. परवा त्यानं सगळ्यांसमोर भाचीला धारेवर धरलं. "डॉक्टर, नळाला धार आहे की थेंब? फरशी धुवायची कशानं? असल्या पाण्यावर तुम्ही आम्हाला स्वच्छता शिकवणार?"

"तक्रार लेखी द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लेखी कसली देतोय? संध्याकाळी घरी जेवायला ये, तिथेच ऐकवतो."

त्यांनी पाणीपुरवठा खात्याला फोन लावला.