चौसष्टच्या पलीकडे

प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर हातात उरलेली एक प्रत कृष्णकांत बोकारे यांनी उघडली, आणि चौथ्या प्रश्नापाशी त्यांचे डोळे थांबले.

‘x³ − १२x² + kx − ८२ = ० या समीकरणाची मुळे अंकगणिती श्रेढीत असतील, तर k ची किंमत काढा.’

हा प्रश्न त्यांनीच काढला होता. हे या दालनात कुणालाही माहीत नव्हते आणि माहीत होताही कामा नये होते. पेपर काढणाऱ्याचे नाव गुप्त राहते. छापलेली प्रत तोही परीक्षेच्या दिवशीच पाहतो. खरे तर आज ते इथे असायलाच नको होते. स्वतःच्या विषयाच्या पेपराला पर्यवेक्षक नेमत नाहीत. पण एक प्राध्यापक आजारी पडले, आणि केंद्रप्रमुख गोपाळरावांनी नियम बाजूला ठेवून सकाळी त्यांना पकडले. तरीही नाही म्हणायचे तर खरे कारण सांगावे लागले असते, आणि कारणच गुप्त होते.

त्यांनी मुळे एक, चार आणि सात अशी, सारख्या अंतराची, धरली होती. त्यांचा गुणाकार अठ्ठावीस. कागदावर ब्याऐंशी छापले होते.

छापखान्याने आकडे उलटे केले, की आपल्याच हातून उलटे गेले? कच्चा मसुदा नियमाप्रमाणे त्यांनी चुलीत जाळला होता. पडताळून पाहायला काही उरले नव्हते. आणि ज्या माणसाला दाराला कुलूप लावल्यावरही परत जाऊन ओढून पाहावे लागते, त्याने स्वतःच्या हातावर किती भरवसा ठेवावा?

गेल्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रावर अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला होता. मुलांनी उत्तरपत्रिका फाडल्या. पेपर काढणाऱ्याचे नाव कसे कोण जाणे फुटले, आणि संध्याकाळी त्याच्या घराच्या काचा गेल्या. पुढे चौकशीत त्याची नोकरीही गेली. कृष्णकांतांची नोकरी तर अजून पक्कीही झाली नव्हती. नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत त्यांची बायको शामला एकटी होती. रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी, तिला मात्र काच होती.

एप्रिलचे ऊन वाळ्याच्या पडद्यांवर तापले होते. हळूहळू दालनात कुजबुज सुरू झाली. मुले काय करत आहेत ते कृष्णकांतांना न पाहता कळत होते. मुळांची बेरीज बारा, म्हणून मधले मूळ चार, इथवर सगळे येतात. मग हुशार मुले अंदाज करतात: तीन-चार-पाच, गुणाकार साठ. दोन-चार-सहा, अठ्ठेचाळीस. एक-चार-सात, अठ्ठावीस. ब्याऐंशी कशातच बसत नाही.

मागच्या बाकावरचा रुपराव ठवकर उठून उभा राहिला. मुलांच्या संघटनेचा पुढारी, पण गणितात पक्का.

“सर, चौथा प्रश्न चुकला हाय.”

कृष्णकांतांनी खाली बसायची खूण केली. तो बसला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितले, की मधले मूळ चार असेल तर तिन्ही मुळांचा गुणाकार जास्तीत जास्त चौसष्ट होतो, तिन्ही चार-चार-चार असली तेव्हा. अंतर वाढवले की गुणाकार कमीच होतो. ब्याऐंशी येणार कुठून?

“बरोबर बोलून राहिला तो,” कुणीतरी म्हणाले. बाके सरकली. दोघांनी पेनाची टोपणे लावली. एकाने उत्तरपत्रिकेची घडी केली.

शिपाई गोपाळरावांना घेऊन आला. गोपाळराव इतिहासाचे. त्यांनी कृष्णकांतांना दारापाशी घेतले आणि हळू आवाजात विचारले, “बोकारे, गणिताचे इथे तुम्हीच एकटे. प्रश्न बरोबर की चूक, एवढंच सांगा. चूक असेल तं मी आताच वर फोन करतो.”

फोन म्हणजे चौकशी. कृष्णकांतांच्या ओठांवर ‘बरोबर’ आले आणि तिथेच अडकले. हे आपले गणित बोलते आहे की आपली भीती? चोराने स्वतःचाच न्याय करावा तसे हे झाले होते. त्यांनी पाच मिनिटे मागितली.

टेबलाशी बसून त्यांनी प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर मांडले. चार हे मूळ, म्हणजे x च्या जागी चार घातले की बेरीज शून्य व्हायलाच हवी. चौसष्ट, वजा एकशे ब्याण्णव, अधिक ४k, वजा ब्याऐंशी. म्हणजे ४k बरोबर दोनशे दहा. k बरोबर साडेबावन्न.

किंमत निघाली. पण तेवढ्याने त्यांचे मन मानेना. चूक प्रश्नातूनही कधी कधी आकडा निघतो. ते दुसऱ्या बाजूने गेले. मुळांमधले अंतर d धरले, तर गुणाकार चार गुणिले (सोळा वजा d चा वर्ग). तो ब्याऐंशी, म्हणून कंसातले साडेवीस. d चा वर्ग उणे साडेचार.

रुपरावाचे म्हणणे इथे येऊन थांबत होते. वास्तव संख्यांचा वर्ग उणा होत नाही. पण प्रश्नात ‘वास्तव’ हा शब्द कुठे होता? त्यांनी छापील ओळ अक्षर अक्षर वाचली. नव्हता. मुळे संमिश्र, म्हणजे उण्याच्या वर्गमुळातून आलेली, असली तरी त्यांच्यातले अंतर सारखेच राहते. श्रेढी मोडत नाही. संमिश्र संख्या अभ्यासक्रमात होत्या. शेवटी त्यांनी मुळांच्या दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज केली: बत्तीस आणि साडेवीस. साडेबावन्न. दोन वाटांनी एकच k.

प्रश्न कुरूप झाला होता, पण खोटा नव्हता.

ते उठले तेव्हा पहिल्या रांगेतल्या प्रेमिला मेश्रामच्या कागदावर त्यांची नजर पडली. तिने k साडेबावन्न काढला होता, सारे काही नीट. पुढे d चा वर्ग उणा आलेला पाहून साऱ्यावर दोन रेघा मारल्या होत्या. खोडलेले उत्तर तपासले जात नाही. ती हातावर कपाळ टेकून बसली होती.

कृष्णकांत दारापाशी गेले. “प्रश्न बरोबर आहे,” ते म्हणाले. “मुळे वास्तव असली पाहिजेत, असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही.”

गोपाळरावांनी तेच शब्द मोठ्याने दालनाला ऐकवले. मग रुपराव हसला.

“इतक्या खात्रीनं सांगून राहिले. काहून सर, पेपर तुम्हीच काढला का?”

सगळे दालन त्यांच्याकडे पाहत होते, आणि खोटे बोलायलाही तोंड उघडावे लागते.

“हे?” गोपाळराव म्हणाले. “यांना हजेरीवर सही करतानाही घाम फुटते गा. हे काय पेपर काढतील?”

दालनभर हशा पिकला. रुपरावही हसत खाली बसला, आणि थोड्या वेळाने त्याचे पेन चालू लागले. टोपणे निघाली. प्रेमिलाने खोडलेल्या ओळींखाली पुन्हा सगळे लिहायला घेतले, या वेळी न थांबता.

घरी आल्यावर शामलाने पाण्याचा तांब्या दिला. त्यांचा ओला सदरा पाहून ती म्हणाली, “काय जी, पेपर लेकरांचा होता का तुमचा?”

जेवण झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला अठ्ठावीस लिहिले. पाहिले. पुन्हा लिहिले. सगळे बरोबर होते, एकदाही ब्याऐंशी झाले नव्हते. त्याने काहीच सिद्ध होत नव्हते. मग उठून त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीची दारे आतून लावून घेतली, आणि कडी ओढून पाहिली.